फीडमध्ये आधी काय दिसणार, हे कसं ठरतं? फॉलो, लाइक आणि 'वॉच टाइम'चं गणित

समजा, जुलैमधली एक सकाळ आहे. कोल्हापुरातली वैशाली चहा घेता घेता फोनवर एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, उघडते. बाहेर रात्रभर पाऊस पडलाय. पहिलीच पोस्ट दिसते ती एका अनोळखी अकाउंटची: 'कोल्हापूरची मिसळ उगीच डोक्यावर घेतलीय. तिखटाशिवाय तिच्यात आहे काय?' त्याखाली पुण्यातल्या मावसभावाचे राजगड ट्रेकचे फोटो. आणि बरंच स्क्रोल केल्यावर पूरस्थितीची माहिती देणाऱ्या एका अकाउंटची पोस्ट: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३७ फूट.

या बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. म्हणजे वैशालीच्या सगळ्यात कामाची पोस्ट सगळ्यात खाली होती. मावसभावाला आणि पूरस्थितीच्या अकाउंटला ती फॉलो करते. मिसळवाल्याला करत नाही. तरीही तो सगळ्यांच्या वर कसा आला?

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण असा क्रम कशामुळे लागतो ते बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. कारण ३१ मार्च २०२३ रोजी ट्विटरने आपल्या शिफारस यंत्रणेचा मोठा भाग सगळ्यांसाठी खुला केला. पोस्टचा क्रम लावताना कशाला किती गुण दिले जातात, तेही काही दिवसांत प्रसिद्ध झालं. त्यानंतर ही यंत्रणा बरीच बदलली आहे, त्यामुळे ते आकडे आज तसेच लागू होतील असं नाही. पण फीडचं गणित कसं चालतं हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मिळणं अवघड आहे.

आलेल्या क्रमानेच पोस्ट का दाखवत नाहीत?

सुरुवातीला तसंच होतं. नवी पोस्ट वर, जुनी खाली. पण लोक शेकडो अकाउंट फॉलो करू लागले आणि सगळं वाचून होणं अशक्य झालं. इन्स्टाग्रामने दिलेल्या माहितीनुसार, २०१६ पर्यंत लोकांच्या फीडमधल्या ७० टक्के पोस्ट त्यांच्या नजरेतून सुटत होत्या. त्यात जवळच्या माणसांच्या जवळपास निम्म्या पोस्ट होत्या. त्याच वर्षी इन्स्टाग्रामने वेळेनुसार लावलेला क्रम सोडून दिला.

मग प्रश्न आला की वर काय ठेवायचं. 'या माणसाच्या कामाचं काय आहे' हे कुठल्याही यंत्रणेला थेट कळत नाही. तिला फक्त तुम्ही फोनवर काय करता ते दिसतं: कुठे थांबलात, कशाला लाइक दिलं, कुठे कमेंट केली, काय पुढे पाठवलं. म्हणून यंत्रणा प्रश्नच बदलून घेते. 'ही पोस्ट दाखवली, तर हा माणस काही करेल याची शक्यता किती?' सगळं गणित या एका प्रश्नावर उभं आहे.

पहिली पायरी: फॉलो केल्याने नेमकं काय मिळतं?

ट्विटरने २०२३ मध्ये सांगितलं होतं की तिथे रोज सुमारे ५० कोटी पोस्ट येतात. प्रत्येक वेळी 'For you' टॅब उघडला की त्यातल्या साधारण १,५०० पोस्ट उमेदवार म्हणून निवडल्या जातात. उरलेल्या कोट्यवधी पोस्ट या पहिल्याच चाळणीत बाहेर पडतात.

या १,५०० पैकी सरासरी निम्म्या तुम्ही फॉलो करता त्या अकाउंटच्या असतात. म्हणजे फॉलो करणं हे उमेदवारी मिळण्याचं तिकीट आहे, वरच्या जागेची हमी नाही. फॉलो केलेल्यांमध्येही सगळे सारखे नसतात. तुम्ही आणि ते अकाउंट यांच्यात आजवर किती देवाणघेवाण झाली यावरून यंत्रणा तुमच्यातल्या नात्याचा अंदाज बांधते. पाच वर्षांपूर्वी फॉलो केलेलं आणि नंतर कधीच न उघडलेलं अकाउंट त्यामुळे मागे पडत जातं.

उरलेल्या निम्म्या पोस्ट अनोळखी अकाउंटच्या असतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांनी कशाला लाइक दिलं किंवा कुठे उत्तर दिलं, आणि तुमच्यासारख्याच आवडी असलेले लोक काय पाहतायत, यावरून त्या शोधल्या जातात. वैशालीच्या ओळखीच्या चार कोल्हापूरकरांनी मिसळवाल्याला चिडून उत्तर दिलं असेल, तर ती पोस्ट तिच्या उमेदवारांत यायला तेवढं पुरे आहे.

दुसरी पायरी: गुण कसे पडतात?

आता प्रत्येक उमेदवार पोस्टसाठी यंत्रणा वेगवेगळे अंदाज बांधते. वैशाली याला लाइक देईल याची शक्यता किती? उत्तर देईल याची किती? तक्रार करेल याची किती? मग प्रत्येक शक्यतेला त्या कृतीच्या गुणांनी गुणलं जातं आणि सगळ्यांची बेरीज होते. एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले काही गुण असे होते:

- लाइक: ०.५
- रिट्विट: १
- पोस्ट उघडून तिथे किमान दोन मिनिटं थांबणं: १०
- उत्तर देणं: १३.५
- तुम्ही दिलेल्या उत्तराला मूळ लेखकाने प्रतिसाद देणं: ७५
- 'मला हे नको' असं सांगणं, ब्लॉक किंवा म्यूट करणं: उणे ७४
- तक्रार करणं: उणे ३६९

आता वैशालीच्या तीन पोस्ट घेऊ. खालच्या शक्यता समजण्यासाठी धरलेल्या आहेत, गुण मात्र वर दिलेलेच आहेत.

मावसभावाच्या फोटोंना ती लाइक देण्याची शक्यता ३० टक्के धरू. त्याचे गुण झाले ०.३० गुणिले ०.५, म्हणजे ०.१५. ती उत्तर देण्याची शक्यता ४ टक्के, त्याचे ०.५४. तिच्या उत्तराला भाऊ प्रतिसाद देण्याची शक्यता १ टक्का, त्याचे ०.७५. एकूण १.४४.

पूरस्थितीच्या पोस्टला लाइकची शक्यता ८ टक्के, म्हणजे ०.०४. उत्तराची शक्यता १ टक्का, म्हणजे ०.१३५, कारण पाणीपातळीच्या आकड्याला कोण काय उत्तर देणार? उघडून दोन मिनिटं थांबण्याची शक्यता २ टक्के, म्हणजे ०.२. एकूण ०.३७५.

मिसळवाल्याला लाइक मिळण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के, म्हणजे ०.०२५. पण कोल्हापूरची माणसं यावर गप्प बसतील का? उत्तराची शक्यता १२ टक्के धरली तर १.६२ गुण झाले. तो उलट प्रतिसाद देण्याची शक्यता अर्धा टक्का, म्हणजे ०.३७५. खालचं भांडण वाचत दोन मिनिटं थांबण्याची शक्यता ६ टक्के, म्हणजे ०.६. आता वजाबाकी. 'नको' म्हणण्याची शक्यता ०.४ टक्के, म्हणजे उणे ०.२९६. तक्रारीची शक्यता ०.०५ टक्के, म्हणजे उणे ०.१८४. एकूण साधारण २.१४.

मिसळ २.१४, भाऊ १.४४, पूर ०.३७५. वैशालीला सकाळी दिसलेला क्रम हाच होता. यात कुणी मुद्दाम काही खाली ढकललेलं नाही. ज्या पोस्टवर काही करावंसं वाटत नाही, फक्त वाचून लक्षात ठेवायची असते, तिला मिळवण्यासारखे गुणच कमी असतात.

मग लाइकला काही किंमतच नाही का?

वरची यादी पाहून अनेकांनी तेव्हा निष्कर्ष काढला की एक उत्तर म्हणजे २७ लाइक. हा निष्कर्ष फसवा आहे. ट्विटरनेच सांगितलं होतं की प्रत्येक कृतीचा एकूण बेरजेत साधारण सारखा वाटा राहावा अशा बेताने हे गुण मुळात ठरवले गेले आणि नंतर वेळोवेळी बदलले. लाइक देणं सोपं असतं, लोक ते सतत देतात. म्हणून एका लाइकचे गुण कमी. उत्तर द्यायला श्रम लागतात, ते क्वचित मिळतं. म्हणून त्याचे गुण जास्त.

शिवाय लाइकचं काम तिथेच संपत नाही. तुम्ही दिलेलं प्रत्येक लाइक पुढच्या अंदाजांसाठी पुरावा म्हणून वापरलं जातं. वैशालीने भावाच्या सलग चार पोस्टना लाइक दिलं, तर पाचव्या पोस्टच्या वेळी यंत्रणा सगळ्याच शक्यता वाढवून धरते.

फेसबुकवर अधूनमधून फिरणारा एक मेसेज इथे आठवेल. 'फेसबुक आता फक्त २५ मित्रांच्या पोस्ट दाखवतं. हे वाचलं असेल तर खाली कमेंट करा आणि कॉपी-पेस्ट करा.' अशी कुठलीही मर्यादा नाही, असं फेसबुकने स्पष्ट केलं आहे. पण हा मेसेज टाकणाऱ्यांना तो खरा वाटतो, कारण त्यानंतर जुने मित्र खरोखर फीडमध्ये दिसू लागतात. त्याचं कारण मर्यादा उठली हे नाही. त्या मित्रांनी कमेंट केली, तुम्ही उत्तर दिलं आणि तुमच्यातल्या देवाणघेवाणीचा अंदाज वर गेला, एवढंच.

गुण चुकले की काय होतं?

फेसबुकच्या बाबतीत याचा अनुभव जगाने घेतला आहे. तिथे २०१६ मध्ये लाइकशिवाय प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग दाखवणारे इमोजी आले. २०१७ पासून यातल्या कुठल्याही इमोजीला लाइकच्या पाचपट गुण मिळू लागले. विचार असा होता की साध्या लाइकपेक्षा इमोजी निवडणारा माणूस त्या पोस्टमध्ये जास्त गुंतलेला असतो.

पण राग हा इमोजीसुद्धा पाच लाइकच्या बरोबरीचा ठरला. चीड आणणाऱ्या पोस्टना रागाचे इमोजी भरपूर मिळत आणि त्या आणखी लोकांपर्यंत पोहोचत. एखादी पोस्ट आवडली नाही हे दाखवायला लोक जे बटण दाबत होते, तेच तिला वर चढवत होतं. कंपनीच्या संशोधकांनाही दिसलं की राग जास्त मिळवणाऱ्या पोस्टमध्ये खोटी आणि भडकाऊ माहिती असण्याचं प्रमाण जास्त आहे. फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने २०२१ मध्ये बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून हे सगळं समोर आलं.

रागाचे गुण टप्प्याटप्प्याने कमी होत सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आले. त्यानंतर लोकांना दिसणारी खोटी माहिती आणि हिंसक दृश्यं कमी झाली, आणि लोकांचा फेसबुकवरचा वापर मात्र कमी झाला नाही, असं त्याच कागदपत्रांत नोंदवलेलं आहे. कुठलीही पोस्ट न काढता, फक्त एका इमोजीचे गुण बदलल्याने लाखो लोकांसमोर येणारा मजकूर बदलला.

वॉच टाइम: न दाबलेलं बटण

लाइक आणि कमेंट तुम्ही ठरवून करता. किती वेळ पाहिलं, हे मात्र नकळत नोंदवलं जातं. व्हिडिओच्या ॲपवर क्रम लावताना याला मोठं महत्त्व आहे.

यूट्यूबवर आधी व्ह्यूजना महत्त्व होतं. त्यामुळे भडक थंबनेल आणि खोटं शीर्षक लावून क्लिक मिळवणाऱ्यांचं फावलं. २०१२ मध्ये यूट्यूबने व्ह्यूजऐवजी पाहिलेल्या वेळेवर भर दिला. कंपनीच्याच सांगण्यानुसार, हा बदल करताच व्ह्यूज २० टक्क्यांनी घटले, तरीही तो कायम ठेवला गेला.

फरक कसा पडतो ते साध्या हिशेबात पाहू. एक भडक थंबनेलचा व्हिडिओ १०० जणांना दाखवला, १० जणांनी उघडला आणि फसवलं गेल्याचं कळून सरासरी २० सेकंदांत बंद केला. एकूण वेळ २०० सेकंद. दुसरा ठिबक सिंचनाच्या दुरुस्तीचा व्हिडिओ, १०० पैकी फक्त चौघांनी उघडला, पण सरासरी पाच मिनिटं पाहिला. एकूण वेळ १,२०० सेकंद. व्ह्यूज मोजले तर पहिला जिंकतो, वेळ मोजली तर दुसरा सहापट पुढे जातो.

पण वेळेलाही कारण कळत नाही. अपघाताचा व्हिडिओ तुम्ही हादरून शेवटपर्यंत पाहता, एखादं खोटं औषध सांगणारा व्हिडिओ 'काय वाट्टेल ते सांगतोय' म्हणत पूर्ण पाहता, तेव्हा नोंद होते ती फक्त 'पूर्ण पाहिला' अशी. ही उणीव भरून काढण्यासाठी यूट्यूब काही प्रेक्षकांना व्हिडिओला एक ते पाच तारे द्यायला सांगतं आणि चार किंवा पाच तारे मिळालेला वेळच सत्कारणी लागला असं धरतं. तारे न देणाऱ्यांसाठी पुन्हा अंदाज लावला जातो.

इन्स्टाग्रामवरही हेच चित्र आहे. २०२१ मध्ये कंपनीचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी सांगितलं की फीडसाठी प्रामुख्याने पाच अंदाज बांधले जातात: तुम्ही पोस्टवर काही सेकंद थांबाल का, कमेंट कराल का, लाइक द्याल का, सेव्ह कराल का आणि प्रोफाइल फोटोवर टॅप कराल का. यातला पहिला अंदाज निव्वळ थांबण्याचा आहे. एकही बटण न दाबता स्क्रोल करणाऱ्याचंही फीड त्याच्या थांबण्यावरून घडत असतं.

क्रम आपल्याला बदलता येतो का?

काही प्रमाणात येतो. वैशालीच्या गणिताकडे परत जाऊ. तिने अशा चिथावणीच्या पोस्टवर काही वेळा 'Not interested in this post' निवडलं आणि त्यामुळे 'नको' म्हणण्याचा अंदाज ०.४ टक्क्यावरून २ टक्क्यांवर गेला असं धरू. आता वजाबाकी ०.२९६ ऐवजी १.४८ होते. मिसळवाल्याचे गुण २.१४ वरून ०.९६ वर येतात आणि १.४४ गुणांचा भाऊ त्याच्या वर जातो. चिडून उत्तर दिलं असतं, तर याच्या नेमकं उलट झालं असतं.

मात्र प्रत्येक ॲपवर या बटणाचा जोर सारखा नसतो. मोझिलाने २०२२ मध्ये यूट्यूबच्या २० हजारांहून अधिक वापरकर्त्यांचा अभ्यास केला. 'Not interested' दाबल्याने नकोशा शिफारशींपैकी फक्त ११ टक्के टळल्या, 'Don't recommend channel' दाबल्याने ४३ टक्के. पाहिलेल्या व्हिडिओंच्या यादीतून, म्हणजे हिस्ट्रीतून, तो व्हिडिओ काढून टाकल्याने २९ टक्के टळल्या. म्हणजे एखाद्या चॅनेलचा त्रास होत असेल, तर व्हिडिओपेक्षा चॅनेलच बंद केलेला बरा.

आपल्या फीडचं काय झालंय हे तपासायची एक सोपी पद्धत आहे. 'For you' मधल्या पहिल्या २० पोस्ट घ्या. प्रत्येकीसमोर दोनच गोष्टी लिहा: हे अकाउंट मी फॉलो करतो का, आणि ही पोस्ट किती तासांपूर्वीची आहे. अनोळखी अकाउंट जास्त निघाली, तर ती तुमच्या कुठल्या वागण्यामुळे आली असतील हे बहुतेक वेळा लगेच आठवतं.

दुसरा रकाना पावसाळ्यात जास्त महत्त्वाचा. गुणांवर लावलेल्या फीडमध्ये सकाळी ६ ची पोस्ट दुपारी ३ वाजता वर येऊ शकते, कारण तोवर तिच्यावर चर्चा रंगलेली असते. ३७ फूट वाचून निर्धास्त झालेल्या माणसाच्या गावात तोवर पाणी ४० फुटांवर गेलेलं असू शकतं.

म्हणून ज्या माहितीला वेळेचं बंधन आहे, ती फीडवर सोडू नये. पाणीपातळी, शाळेची सुट्टी, परीक्षेची तारीख, बंद झालेला रस्ता, यासाठी त्या अकाउंटचं प्रोफाइल थेट उघडावं आणि पोस्टची वेळ पाहावी. वर पिन केलेली पोस्ट जुनी असू शकते, ती सोडून पुढे जावं. प्रोफाइलवरच्या घंटेच्या चिन्हावर टॅप करून नोटिफिकेशन सुरू केलं, की ती पोस्ट कुठल्याही गुणांशिवाय फोनवर येते. वैशालीने एवढं केलं, तर पुढच्या वेळी पंचगंगेचा आकडा तिला मिसळीच्या वादाआधी कळेल.